शोकातल्या माणसासाठी शांत सुट्टी आखताना: आधी तिच्या डोक्यावरचे निर्णय काढून घ्या

प्रश्न: माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर चार महिन्यांपूर्वी अचानक गेले. ती घरात बसून असते, कुठे जायचं म्हटलं की "बघू" म्हणते. आम्हाला तिला पाच-सहा दिवस कुठेतरी शांत ठिकाणी न्यायचंय, फिरवाफिरवी नको, फक्त आराम. पण सोबत किती जणांनी जायचं, दिवसभर करायचं काय, काहीच कळत नाहीये.

उत्तर:

मी बरीच वर्षं लोकांच्या छोट्या ट्रिप्स आखून देते, आणि त्यातला मोठा भाग आता अशाच लोकांचा असतो, ज्यांच्या घरात नुकतंच कोणीतरी गेलंय. सुरुवातीला मी पण ठिकाणापासून सुरू करायचे, समुद्र की डोंगर, कॉटेज की हॉटेल. आता ते सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की त्या पाच-सहा दिवसांत ताईला किती गोष्टी ठरवाव्या लागणार आहेत. नवरा अचानक गेला म्हणजे गेले चार महिने ती बँक, इन्शुरन्स, कागदपत्रं, सह्या, नातेवाइकांचे फोन यातच असणार, आणि ज्या माणसाला विचारून ती सगळं ठरवायची तोच नाही. अशा वेळी "तुला काय खायचंय, किती वाजता निघूया, आज कुठे जाऊया" हे प्रश्न आपल्याला प्रेमाचे वाटतात पण तिला प्रत्येक प्रश्न म्हणजे अजून एक काम. शांतता म्हणजे नुसता आवाज नसणं नाही हो, कोणी काही विचारत नसणं पण.

तर "बघू" बद्दल आधी. हा नकार नाहीये बहुतेक वेळा, आणि होकार पण नाही. याचा अर्थ माझ्याकडे आत्ता याचं उत्तर बनवायची ताकद नाही. "कुठे जायला आवडेल तुला?" हा प्रश्न अजिबात विचारू नका. त्याऐवजी तुम्ही घरी बसून सगळं ठरवा आणि तिला एकच वाक्य सांगा, की अमुक तारखेला आपण दोघी पाच रात्रींसाठी जाऊ, तुला फक्त कपडे घ्यायचेत, आदल्या दिवशी नको वाटलं तर नाही जायचं आणि मी काही म्हणणार नाही. ते शेवटचं वाक्य खरं असायला हवं म्हणून बुकिंग असं घ्या जे एक-दोन दिवस आधीपर्यंत पैसे न जाता कॅन्सल होतं, थोडं महाग पडलं तरी चालेल. कारण पैसे अडकलेत हे तिला कळलं की ती तुमच्यासाठी येईल, स्वतःसाठी नाही, आणि मग तिथे पाच दिवस तुम्हाला बरं वाटावं म्हणून हसत राहील.

तारीख काढताना कॅलेंडर घेऊन बसा. तिचा वाढदिवस, त्यांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आणि ते गेले ती महिन्याची तारीख. ही शेवटची लोक विसरतात, पण पहिल्या वर्षात दर महिन्याला ती तारीख जवळ आली की माणूस आपोआप खचायला लागतो, कधीकधी त्याला स्वतःलाही कळत नाही का ते. या तारखा ट्रिपच्या मधोमध येऊ देऊ नका, निदान पहिल्या ट्रिपला तरी. काही जण उलटं सांगतात, की त्या दिवशीच घरातून बाहेर काढायचं. काहींना ते जमतंही, पण मग ते तिने स्वतः मागितलेलं असलं पाहिजे. आणि जिथे ते दोघं दर वर्षी जायचे तिथे नको. तुम्हाला वाटेल ओळखीची जागा आहे, बरं वाटेल, पण तिथला वेटरसुद्धा पहिल्याच मिनिटाला "साहेब कुठेत?" विचारणार.

अंतर कमी ठेवा. घराच्या दारापासून तिथल्या दारापर्यंत तीन-चार तास, मध्ये गाडी बदलायला नको, वेटिंग नको. तिला गाडी चालवायला देऊ नका, नीट झोप नसलेल्या माणसाचं लक्ष गाडी चालवता चालवता सुटतं आणि या काळात झोप क्वचितच नीट असते. फार उंचावरची ठिकाणं पण टाळा. साधारण २५०० मीटरच्या वर गेलं की पहिल्या एक-दोन रात्री धडधाकट माणसाचीही झोप मोडते, डोकं दुखतं, इथे झोप आधीच मोडलेली आहे. आणि जवळपास, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाच्या आत, दवाखाना असावा. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. ताकोत्सुबो नावाचा एक हृदयाचा त्रास आहे, १९९० मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा एक भाग तात्पुरता नीट आकुंचन पावत नाही आणि लक्षणं अगदी हार्ट अटॅकसारखी असतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो जास्त दिसतो. म्हणून छातीत दुखतंय, दम लागतोय असं ती म्हणाली तर "दुःखामुळे होत असेल गं" म्हणून बसून राहायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा.

आता जागा. पाचही रात्री एकच जागा, मध्ये खोली बदलायची नाही. दोन ठिकाणं फिरून येऊ हा मोह आवरा, कारण पहिली रात्र तर वायाच जाते आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक सगळ्यांना खूप रडू येतं किंवा इतका थकवा येतो की उठवत नाही (त्याबद्दल पुढे सांगते), म्हणजे खरी विश्रांती तिसऱ्या दिवशी कुठेतरी सुरू होते. दोन रात्रींची ट्रिप म्हणूनच फसते. माणूस सैल पडायला लागतो आणि बॅग भरायची वेळ येते.

बुकिंग करण्याआधी फोन करा, नुसते फोटो बघून करू नका. मी साधारण हेच विचारते: त्या तारखांना तिथे एखादं लग्न, पार्टी, कंपनीचा ग्रुप असं काही आहे का. एकूण खोल्या किती, सहा-आठपेक्षा कमी असतील तर उत्तम. जेवायला सगळ्यांबरोबर एकाच टेबलावर बसावं लागतं का, की ताट खोलीत मिळेल. जेवणाची वेळ चुकली तर नंतर काही मिळतं का. खोलीच्या बाहेर बसायला स्वतःची जागा आहे का. या शेवटच्याला मी सगळ्यात जास्त मार्क देते. एक खुर्ची, सावलीत, पाठ भिंतीला, समोर लांबवर नजर जाईल असं काहीतरी, आणि तिथून दुसऱ्या कोणाची येजा नसावी. समोर आपोआप हलणारं काही असलं, पाणी, झाडं, ढग, तर फारच छान, कारण माणूस तिकडे बघत तासभर बसला तर तो "नुसता बसलाय" असं कोणाला वाटत नाही, त्याला स्वतःलाही वाटत नाही. घरात असं बसलं की कोणीतरी येऊन विचारतंच, बरं वाटत नाही का?

आणि पलंग. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. तिला एकटीला डबल बेडची खोली देऊ नका. घरी त्या पलंगाची रिकामी बाजू ती रोज रात्री बघतेय, इथे परत तेच, वर दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप मांडून ठेवलेले. सिंगल बेड किंवा दोन वेगळे बेड मागा, आणि आधीच सांगा की खोलीत सगळं एकाच माणसाचं ठेवा. मालकाला किंवा मॅनेजरला एवढंच सांगायचं की "माझ्या बहिणीच्या घरी दुःखद घटना झालीये, तिला कोणी घरच्यांबद्दल विचारू नये, फॉर्म मी भरते". बाकी माहिती द्यायची गरज नाही. चेक-इनचा फॉर्म तुम्हीच भरा, त्यात नवऱ्याचं नाव किंवा वैवाहिक स्थिती असा रकाना असेल तर तो तिच्या हातात पडायला नको. मी एकदा यात चुकले होते, सगळं सांगितलं होतं पण फॉर्मचं लक्षात नाही आलं, आणि काउंटरवरच्या मुलीने सवयीने "मिस्टर पण येतायत का मागून?" विचारलं. त्या बाई खोलीत गेल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. चूक त्या मुलीची नव्हती, माझी होती.

सोबत किती जण? एक. तुम्ही. फार तर दोन, पण मग ते दोघं एकमेकांशी बोलत बसणार आणि ती प्रेक्षक होणार. लहान मुलं नकोत या वेळी, ती कितीही लाडकी असली तरी त्यांच्यासमोर तिला सावरून बसावं लागतं. खोल्या शक्यतो वेगळ्या पण शेजारी शेजारी, मध्ये दार असेल तर बेस्ट. एकाच खोलीत राहिलात तर ती रात्री रडणार नाही, तुमची झोप मोडेल म्हणून. ती स्वतःच म्हणाली की एकटं झोपायची भीती वाटते तर अर्थातच एकत्र झोपा, पण पलंग वेगळे ठेवा आणि झोपताना सांगून ठेवा, "रात्री उठलीस तर दिवा लाव, मला चालतं."

दिवसभर करायचं काय याचं माझं उत्तर ऐकून लोकांना वाटतं हिने काही प्लॅनच केला नाही. रोज एक खुंटी. एकच. म्हणजे दिवसात एक ठरलेली गोष्ट, रोज त्याच वेळी, तीच. बहुतेक वेळा मी सकाळचं चालणं ठेवते, वीस ते चाळीस मिनिटं, रोज त्याच रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने परत. नवीन रस्ता नको कारण नवीन रस्ता म्हणजे परत निर्णय, किती लांब आहे, कधी वळायचं. तोच रस्ता असला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय आपोआप चालतात आणि वाटेतलं एखादं झाड, एखादं कुत्रं ओळखीचं होतं. आणि सकाळच्या उजेडात बाहेर पडल्याने शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते, रात्रीच्या झोपेसाठी ते लागतंच. ती नाही म्हणाली तर तुम्ही एकट्या जाऊन या, त्याच वेळी, चिडचिड न करता. दुसऱ्या दिवशी परत एकदाच विचारा.

बाकी दिवस मोकळा, पण अगदी रिकामा पण नको, इथे जरा बारीक फरक आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल एक मांडणी केली, ती मला प्रत्यक्ष कामात सगळ्यात उपयोगी पडलीये. त्यांचं म्हणणं असं की माणूस दुःखातून एका सरळ रेषेत बाहेर पडत नाही, तो येरझारा घालतो. काही वेळ गेलेल्या माणसाकडे, आठवणी, रडणं, फोटो, आणि मग काही वेळ रोजच्या जगाकडे, कामं, नवीन जबाबदाऱ्या, कधी नुसता विरंगुळा. दोन्हीकडे जाता येणं हेच निरोगी. मग सुट्टी आखताना दोन्हीची सोय पाहिजे. ती खुर्ची पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी हाताला काहीतरी साधं द्या ज्यात डोकं फार लागत नाही आणि जे अर्धवट सोडलं तरी चालतं: विणकाम, मोठं जिगसॉ पझल टेबलावर पसरून ठेवलेलं, रंग, पत्ते. पुस्तक देताना विचार करा, या काळात बऱ्याच जणांना तेच पान चार वेळा वाचावं लागतं आणि मग स्वतःचाच राग येतो, त्यापेक्षा ओळखीचं, आधी वाचलेलं काहीतरी बरं. पझलची अजून एक गंमत म्हणजे दोन माणसं एकमेकांकडे न बघता शेजारी बसू शकतात, आणि मी बघितलंय की खऱ्या गोष्टी तेव्हाच बोलल्या जातात, समोरासमोर "बोल ना, मन मोकळं कर" म्हटल्यावर नाही.

तुम्ही काय बोलायचं? कमी. पण त्यांचं नाव घ्यायला घाबरू नका. घरात चार महिने सगळ्यांनी ते नाव टाळलं असेल, तिला त्रास नको म्हणून, आणि तिला वाटत असेल की सगळे विसरले. सहज आलं तर "भावोजींना हे आवडलं असतं" एवढं म्हणा आणि थांबा. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर विषय बदलायची घाई करू नका. ती रडली तर लगेच पाणी, टिश्यू, पाठीवर हात असं सगळं एकदम करू नका, त्याचा अर्थ समोरच्याला "आता थांब" असा लागतो. बसून राहा.

एक उदाहरण सगळं उलगडून सांगते, ओळख पटेल असं काही न देता. एक गृहस्थ, सत्तरीच्या जवळ, बायको दोन वर्षं आजारी होती आणि शेवटचं वर्षभर रात्री दोन वाजता तिला औषध द्यायला ते उठायचे. ती जाऊन पाच महिने झाले तरी ते रोज दोनला जागे, मग पहाटेपर्यंत झोप नाही. मुलीने मला विचारलं तेव्हा तिच्या डोक्यात दहा दिवसांची टूर होती, "बाबांचं मन रमेल". आम्ही ती पाच रात्रींवर आणली, साडेतीन तासांचा प्रवास, तळमजल्यावरची खोली, सिंगल बेड, बाहेर व्हरांडा. मुलगी शेजारच्या खोलीत. दोन वाजताची जाग आपण घालवू शकणार नाही हे मी तिला आधीच सांगितलं, आपण फक्त त्या वेळेला जागा करून देऊ. म्हणून व्हरांड्यात रात्रभर एक मंद दिवा, खुर्चीवर शाल, थर्मासमध्ये गरम पाणी. घरी ते दोनला उठून अंधारात छताकडे बघत पडायचे कारण उठलं की सून जागी व्हायची.

पहिली रात्र ते अजिबात झोपले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, आपण परत जाऊया. मुलीने मला फोन केला, रडवेली होऊन. ही ती दुसऱ्या दिवसाची पडझड. घरी माणूस कामांच्या, पाहुण्यांच्या आधाराने उभा असतो, इथे तो आधार काढून घेतला की सगळं एकदम अंगावर येतं. ट्रिप फसली असा त्याचा अर्थ नाही. पण त्यांना अडवायचं पण नाही. आम्ही आधीच ठरवलेलं वाक्य तिने सांगितलं, "चालेल बाबा, उद्या सकाळी नाश्ता झाल्यावर तुम्ही परत म्हणालात तर लगेच निघू." म्हणजे निर्णय एक रात्र पुढे ढकलला, दार उघडं ठेवून. आत्ता निघा किंवा आता राहाच, या दोन्हीपेक्षा हे चालतं. त्या रात्री ते दोनला उठले, शाल घेऊन बाहेर बसले, साडेतीनला आत जाऊन सातपर्यंत झोपले. सकाळी निघायचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही.

तिसऱ्या दिवशी चालताना त्यांना कशावरून तरी हसू आलं, आणि नंतर संध्याकाळी ते एकदम गप्प झाले, जेवले नाहीत. मुलीला कळेना काय बिनसलं. हसल्याचं अपराधीपण होतं ते, ती नसताना मी हसलो कसा. हे जवळजवळ प्रत्येक ट्रिपमध्ये एकदा येतं, पहिला चांगला क्षण आणि त्याच्या मागोमाग मोठी खाली येणारी लाट. म्हणून ताई हसली, खुलली, तर "बघ किती बरं वाटतंय तुला!" असं चुकूनही म्हणू नका. आणि तिचा हसतानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू नका, अगदी कौतुकाने सुद्धा. त्यावर "छान, आता सावरलीस" अशा दहा कमेंट येतात आणि ती तिथल्या तिथे मिटून जाते. फोनबद्दल बाकी कडक नियम नकोत, फक्त नातेवाइकांना सांगून ठेवा की या पाच दिवसांत खुशाली तुमच्याकडेच विचारायची.

रात्रीसाठी अजून एक. झोप येत नाही म्हणून दारू हा उपाय नको, सुरुवातीला डोळा लागतो पण रात्रीच्या दुसऱ्या भागात झोप तुटते आणि तीन-चार वाजताची वेळ तशीही सगळ्यात अवघड. झोपेच्या गोळ्या तिच्या डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर तशाच चालू ठेवायच्या, ट्रिपमध्ये मनाने वाढवायच्या किंवा बंद करायच्या नाहीत.

शांतता जास्त होतेय हे कसं ओळखायचं, हे पण विचारतात लोक. बसून राहणं चांगलंच आहे, पण बसलेल्या माणसाच्या अंगावरून कळतं. श्वास संथ, हात सैल, मध्ये मध्ये नजर हलते, पक्षी आला तर बघते, मग ठीक आहे, तासन्तास बसू दे. पण कपाळ आक्रसलेलं, हात चाळवतायत, आणि बोलली की तेच तेच वाक्य, "मी त्या दिवशी लवकर डॉक्टरला फोन केला असता तर", तर ती शांत नाहीये, ती एका जागी गरागरा फिरतेय. अचानक गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे फार होतं. अशा वेळी वाद घालून "तुझी काही चूक नव्हती" पटवत बसू नका. एकदा म्हणा, आणि मग शरीराला दुसरीकडे न्या, चल जरा पाय मोकळे करू, हे पझलचं आकाश राहिलंय, असं काहीतरी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी हा धोका जास्त असतो, मी दुपारी चारच्या आसपास मुद्दाम एखादं छोटं काम ठेवते.

आणि काही वेळा ट्रिप करूच नये. ती दिवसेंदिवस जवळजवळ काही खात नसेल, किंवा "मला पण जायचंय त्यांच्याकडे", "मी नसते तर बरं" असं बोलत असेल, तर तिला लांब शांत जागी नेणं धोक्याचं आहे. तेव्हा आधी सायकियाट्रिस्ट, तेही लगेच, आणि तोपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. मरायचं मनात येतं का हे तिला सरळ, प्रेमाने विचारा, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. चार महिन्यांत रडू येणं, झोप मोडणं, कशात मन न लागणं हे आजारपण नाही. दीर्घकाळ अडकलेल्या शोकाचं निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, किमान सहा महिने उलटल्यावर करतात आणि अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या पुस्तिकेत, २०२२ च्या डीएसएम-५-टीआरमध्ये, मोठ्यांसाठी वर्षभरानंतर, म्हणजे आत्ताच कोणी तिला "ही शोकातच अडकलीये" म्हणत असेल तर ते घाईचं आहे. पण आत्महत्येचं बोलणं असेल तर या महिन्यांची वाट बघायची नाही.

आता परतीचं, ज्याच्यासाठी मी अख्खी ट्रिप उलटी आखते, शेवटच्या दिवसापासून मागे. पाच दिवस ती वेगळ्या जागी होती जिथे ते कधी नव्हतेच, त्यामुळे तिथे त्यांचं नसणं जरा बोथट होतं. घराचं दार उघडलं की ते परत तीक्ष्ण होतं, बऱ्याच जणी म्हणतात की पहिल्या दिवसासारखंच वाटलं. म्हणून रात्री उशिरा पोहोचू नका. सकाळी लवकर निघायची घाई पण नको, आरामात निघून दुपारी उजेडात घरी पोहोचा. कोणीतरी, तुमच्या घरचं माणूस किंवा शेजारीण, आधी जाऊन खिडक्या उघडून ठेवेल, घरात जेवण असेल असं बघा. कुलूप तिला उघडू देऊ नका, दार आतून कोणीतरी उघडावं. पाच दिवसांची टपालातली पत्रं, त्यात त्यांच्या नावाची पण असतात, ती वेगळी काढून ठेवा, फेकू नका. पहिल्या रात्री तुम्ही तिच्याकडे राहा. कामावर जात असेल तर मध्ये एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा.

त्या गृहस्थांच्या बाबतीत सून घरी होतीच, तरी मुलीने परत आल्यावर एकच गोष्ट बदलली. घराच्या गॅलरीत एक खुर्ची, शाल आणि मंद दिवा ठेवला, आणि सुनेला सांगितलं की रात्री बाबा उठले तर उठू नकोस. काही महिन्यांनी तिचा फोन आला होता दुसऱ्याच कामासाठी, तेव्हा मी विचारलं. ते अजून दोनला उठतात म्हणाली, रोज नाही, आणि उठले की बाहेर जाऊन बसतात, मग येऊन झोपतात.